एका लग्नाला जाऊन येण्याचा हिशेब

मावसबहिणीचं लग्न बुधवारी, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावरच्या शहरात. आम्ही तिघं निघालो सोमवारी रात्री. गाडी सुटल्यावर मी वही काढली तेव्हा बायको हसली. "जाण्याआधीच हिशेब?" म्हटलं, आल्यावर आठवत नाही.

वहीत पैसे मी पैशांत लिहिले नाहीत. तुमच्याकडचे दर वेगळे, आमच्याकडचे वेगळे. म्हणून एका माणसाचं एका बाजूचं रेल्वेचं तिकीट म्हणजे एक, असं माप धरलं. मुलीलाही स्वतःची जागा हवी होती, म्हणजे तिचंही पूर्ण तिकीट. निघताना माझा अंदाज साधा होता: जाऊन-येऊन सहा, आहेर दहा, माझा शिवलेला कोट बारा, मुलीचा ड्रेस चार. झाले बत्तीस.

कोट वरच्या हुकाला पिशवीत टांगला होता. रात्रभर तो डोळ्यांसमोर हलत होता आणि मी त्याला मनात भागत होतो. कपडा एका लग्नाच्या नावावर पूर्ण टाकायचा की तो आयुष्यात जितक्या वेळा घालू तितक्यांनी भागायचा? भागायचाच असेल तर भाजक आशेवरून ठरवू नये, कपाटावरून ठरवावा. गेल्या खेपेचा सूट मी दोनदाच घातला होता. म्हणून याही कोटाला दोनाने भागलं, आले सहा. मुलीच्या ड्रेसला मात्र भागायचं नाही, वर्षभरात तो तिला आखूड होणार. चार म्हणजे चारच. बायकोने कपाटातलाच जोड काढला होता, त्यामुळे तिच्या नावावर शून्य. तिने ते वहीत ठळक अक्षरांत लिहायला लावलं.

मंगळवारी सकाळी उतरलो आणि पहिला झटका बसला तो स्टेशनबाहेर. मोठा प्रवास आपण महिनाभर आधी ठरवतो, छोटा कुणी ठरवत नाही. घर ते स्टेशन, स्टेशन ते मावशीकडे, तिथून हॉल, सामान घ्यायला परत, पुन्हा हॉल. गुरुवारी घरी पोचेपर्यंत अशा नऊ फेऱ्या झाल्या आणि त्यांची बेरीज आली तीन तिकिटं. म्हणजे आम्हा तिघांना एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायला जितके लागले, तितकेच त्या दोन शहरांच्या आत फिरायला लागले.

आता माझी चूक. माझ्या दोनच रजा शिल्लक होत्या. तिसऱ्या दिवशी गैरहजर राहिलो की पगार कापला जाणार. आमच्याकडे महिन्याला बावीस कामाचे दिवस, आणि कपात तीसने भागून नाही, बावीसने भागून होते. हा फरक लहान वाटतो, पण दिवसाची किंमत त्यामुळे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढते. माझा एक दिवस पाच तिकिटांचा निघाला. तो वाचवायचा म्हणून मी परतीची गाडी लग्नाच्या दिवशीच संध्याकाळची काढली: गुरुवारी सकाळी सातला घरी, दहाला ऑफिसात.

लग्न दोन तास उशिरा लागलं. साडेतीनला बायकोने घड्याळ दाखवलं, मी म्हटलं अजून एक फोटो. चारला मावशीने हात धरला, "अरे, आत्ताच कुठे निघालास?" तिला मी काय सांगणार, पाच तिकिटांसाठी निघालोय म्हणून? पाचच्या गाडीला आम्ही पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. सुटलेल्या गाडीच्या तिकिटांचे पैसे परत मिळाले नाहीत. तीन बुडाले. रात्री नऊच्या बसचं आयत्या वेळचं भाडं दीडपट, तिघांचे साडेचार. बस गुरुवारी दुपारी दीडला पोचली, म्हणजे ऑफिसचा दिवसही गेलाच.

बसमध्ये झोप नव्हतीच, म्हणून हे नीट मांडून पाहिलं. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी आलो असतो तर परतीचे तीन आणि पगाराचे पाच, असे आठ. गाडी मिळाली असती तर फक्त तीन. चुकल्यामुळे झाले साडेबारा. म्हणजे पाच वाचवण्यासाठी मी साडेचार पणाला लावले होते. गाडी मिळण्याची शक्यता निम्मी असली तरी हा डाव खेळण्यासारखा होता. मूर्खपणा तिकीट काढण्यात नव्हता, साडेतीनला न उठण्यात होता.

बायकोचा हिशेब माझ्याहून अवघड. ती फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाते, दिवसाला सहा पेशंट. तीन दिवसांच्या अठरा भेटी बुडाल्या असं मी धडाधड लिहिलं आणि तिने खोडलं. अकरा भेटी तिने पुढच्या शनिवार-रविवारी लावल्या होत्या. ते उत्पन्न गेलं नाही, सुट्टी गेली. खऱ्या बुडाल्या सात, आणि त्यातूनही जाण्या-येण्याचं पेट्रोल वाचलं ते वजा करायचं. भेटीमागे अर्धं तिकीट धरून साडेतीन. पण एका पेशंटने तेवढ्यात दुसरीकडे सुरू केलं. त्याच्या चार भेटी बाकी होत्या, म्हणजे आणखी दोन. एकूण साडेपाच. हे दोन कुठल्याच पावतीवर येत नाहीत, म्हणून सहसा कुणी मोजत नाही.

माझ्या पगारी रजांचं काय लिहायचं? आमच्याकडे उरलेल्या रजांचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे पैशांत शून्य. पण मुलीच्या सुट्टीसाठी त्या राखल्या होत्या. त्यांना तिकिटांत बसवण्याचा खटाटोप केला नाही. खाली नुसतं लिहिलं: दोन रजा.

घरी आल्यावर पाकीट मोजलं. निघतानाची रोकड, त्यातून वहीतले रोख खर्च वजा, आणि हाती उरलेली रक्कम. जमेना. दोन तिकिटांएवढे कुठे गेले ते आम्हा दोघांना सांगता येईना. त्यातला एक भाग बसस्टँडवरच्या सामानघराचा निघाला, बाकी सुट्टे. ते 'सुट्टे' म्हणूनच मांडले. तीन दिवस घरचा खर्च झाला नाही, त्याचा एक वजा केला.

बेरीज करताना अडलो आहेराशी. लग्नाला गेलो नसतो तरी आहेर पाठवलाच असता. मग तो 'जाण्याचा' खर्च कसा? बायको म्हणाली, "नात्याचा आहे, प्रवासाचा नाही." म्हणून रेघ मारून तो खाली वेगळा ठेवला. रेघेच्या वर प्रवास साडेतेरा, कपडे दहा, बुडालेलं काम साडेदहा, सुट्टे दोन, त्यातून एक वजा: पस्तीस. आहेर धरून पंचेचाळीस. खिशातून आणि खात्यातून प्रत्यक्ष गेले साडेएक्केचाळीस, कारण कोट पूर्ण बाराचा भरला, पण बुडालेलं उत्पन्न आणि घरच्या खर्चाचा वाचलेला एक तिथे दिसत नाहीत.

वही मिटणार तेवढ्यात बायकोने कोट पुढे केला. बाहीवर हळदीचा डाग. ड्रायक्लीनिंगचं अर्धं तिकीट, आणि ते दोनाने भागता येत नाही, कारण पुढच्या वेळी पुन्हा लागणार. पंचेचाळीस खोडून साडेपंचेचाळीस केले.