चौकोनी फोटोला रुंद करताना : घुमट, माटोळी आणि कापलेला हात

गणेश चवथीला घुमट या गोव्याच्या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरतीचा फोटो होता, 1080 × 1080, मोबाइलवर कापून पाठवलेला. तो सभागृहातल्या 16:9 पडद्यावर लावायचा होता. घुमट वाजवणाऱ्या काकांचा चेहरा छान आला होता, पण उजव्या कडेला त्यांचा डावा हात मनगटापाशी कापला गेला होता आणि खाली घुमटाचं पोटही अर्धं कापलेलं. मूळ फोटो पाठवणाऱ्याकडेही उरला नव्हता. म्हणजे दोन्ही बाजूंची जागा, घुमटाचा तळ आणि एक पंजा, एवढं एआयच्या मदतीने नव्याने घडवायचं होतं.

मी आधी हिशेब मांडला. घुमटाचा तळ पूर्ण यायला खाली 216 पिक्सेल हवे होते, म्हणजे उंची 1296 आणि 16:9 साठी रुंदी 2304. वाढीव 1224 पिक्सेलपैकी डावीकडे 760 दिले आणि उजवीकडे 464, कारण कार्यक्रमाचं नाव डावीकडे यायचं होतं. हे सगळे आकडे 8 ने भाग जाणारे घेतले. स्टेबल डिफ्युजनसारखी चित्रं घडवणारी एआय मॉडेलं आतल्या आत चित्र आठपट लहान करून हाताळतात, त्यामुळे 8 ने भाग न जाणारा आकडा दिला की कडेला एखादी पट्टी कापली जाते.

पूर्ण कॅनव्हास एकदम भरायला दिला तर हमखास फसतं. मी वापरलेलं एसडीएक्सएल हे स्टेबल डिफ्युजनचंच मॉडेल साधारण 1024 × 1024 एवढ्या चित्रावर शिकलेलं आहे. त्याला रुंद रिकामी जागा दिसली की ते तिथे दुसरंच चित्र सुरू करतं. माझ्याकडे डावीकडे आणखी एक घुमटवाला उभा राहिला, चेहरा जवळजवळ तोच. म्हणून मी एका वेळी एकच बाजू घेतो आणि मॉडेलपुढे ठेवलेल्या तुकड्यात जुनं चित्र निम्म्याहून जास्त राहील असं बघतो. आधी खालची बाजू केली. मग उजवीकडे 560 पिक्सेल जुने आणि 464 नवे. डावी बाजू दोन फेऱ्यांत, आधी 384 आणि मग 376. ही मॉडेलं चालवायच्या ComfyUI या प्रोग्राममध्ये एकेक काम नोड नावाच्या चौकटीत असतं. तिथल्या कडेला रिकामी जागा जोडणाऱ्या Pad Image for Outpainting या नोडमध्ये उजव्या फेरीचे आकडे असे होते:

```
left: 0
top: 0
right: 464
bottom: 0
feathering: 40
```

शेवटचा 40 महत्त्वाचा. मास्क, म्हणजे मॉडेलने नव्याने रंगवायचा भाग, तेवढा जुन्या चित्राच्या आत शिरतो आणि सांधा तिथे विरघळतो. तो शून्य ठेवला तर कापल्याची सरळ रेघ दिसते, कारण जेपीईजीच्या कडेचे डाग आणि नवा गुळगुळीत भाग एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रॉम्प्टमध्ये फक्त रिकाम्या जागेत काय हवं तेवढंच लिहायचं. पूर्ण फोटोचं वर्णन लिहिलं तर मॉडेल ते सगळं रिकाम्या जागेतही मांडू बघतं, तो दुसरा माणूस बहुधा त्यामुळेच आला होता. डावीकडे मी एवढंच दिलं:

```
laterite stone wall, warm lamp light from the right, out of focus
```

चिऱ्याची भिंत चांगली आली. फक्त एका फेरीत थरांच्या रेषा वर चढत गेल्या, म्हणून मूळ भिंतीच्या दोन थरांवर सरळ रेघा ओढून त्या नव्या भागात जुळतात का ते तपासलं. जुळली नाही ती फेरी टाकून दिली.

गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीने मात्र घात केला. फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तिचं टोक दिसत होतं आणि मॉडेलने ती पुढे वाढवताना आंबे आणि द्राक्षं टांगली. चवथीच्या माटोळीला आंबे कुठून येणार? गोव्यातलं पोरही ते बघून बोट ठेवेल. तिथे मॉडेलशी भांडत बसलो नाही. त्याच माटोळीचा दुसरा फोटो मिळाला, त्यातले नारळ, सुपारीचे घोस, तवशी कापून बसवली आणि वर थोडा ब्लर दिला.

सगळ्यात वेळखाऊ काम घुमट आणि हाताचं. मॉडेलला घुमट ठाऊकच नाही. तळ कधी तबल्याच्या डग्यासारखा गोल आला, कधी पाण्याच्या मडक्यासारखा बंद. खऱ्या घुमटाला दोन तोंडं असतात. मोठ्या तोंडावर चामडं, पूर्वी घोरपडीचं आणि आता कायद्याने बंदी असल्यामुळे बकऱ्याचं. मागचं लहान तोंड उघडं, आणि डावा हात त्याच तोंडाशी असतो. शब्दांत कितीही सांगितलं तरी हे उतरेना.

पंजाची अडचण वेगळी होती. चित्रात तो जेमतेम 90 पिक्सेल रुंद. आठपट लहान केल्यावर सगळ्या पंजाला अकरा घरं, म्हणजे एका बोटाला जेमतेम दोन. मग बोटं एकमेकांत चिकटली नाहीत तरच नवल. उपाय असा की पंजाभोवतीचा 256 × 256 चा तुकडा कापून 1024 पर्यंत मोठा करायचा, तिथे काम करायचं आणि परत लहान करून जागेवर बसवायचा.

तरीही पंजाची पकड चुकत होती. काकांना दाखवलं तर लगेच म्हणाले, "तोंड असं गच्च दाबून नाही धरत रे. बोटं उघडी ठेव, तिथूनच तर आवाज घुमतो." मग त्यांनाच घुमट घेऊन बसवलं. मूळ फोटोत उजेड उजवीकडून समईचा होता, म्हणून दिवाही उजवीकडेच ठेवला आणि कॅमेरा त्याच उंचीवर धरून फोटो काढला. त्यातला हात आणि घुमटाचा तळ कापून कॅनव्हासवर ढोबळ चिकटवला.

इथे एक नोड बदलावा लागतो. चित्र मॉडेलच्या आतल्या लहान रूपात नेणारा VAE Encode (for Inpainting) हा नोड मास्कखालचं सगळं पुसून राखाडी करतो आणि डिनॉइज, म्हणजे मॉडेलने किती बदलायचं तो आकडा, 1 मागतो, त्यामुळे चिकटवलेला हात वाया जातो. त्याऐवजी साधं VAE Encode आणि पुढे Set Latent Noise Mask लावलं, डिनॉइज 0.4. आकार तोच राहिला, पण सांधा, सावली आणि कातडीचा रंग जुळून आला. 0.6 ला नेल्यावर मॉडेल पुन्हा स्वतःची बोटं काढू लागलं.

शेवटचं काम कित्येक जण विसरतात. एन्कोड होऊन परत बाहेर आलेलं चित्र मास्कबाहेरही थोडं बदलतं, आणि ते आधी डोळ्यांत आणि दातांत दिसतं. माणूस तोच वाटतो, पण नजर वेगळी. म्हणून मूळ 1080 चा चौकोन त्याच जागी वर ठेवला, फक्त सांध्याकडच्या कडा विरळ केल्या. मग गिंपमध्ये मूळ फोटोचा आणखी एक थर, दोन थरांतला फरक दाखवणाऱ्या Difference मोडवर लावून पाहिला. चेहऱ्यावर निव्वळ काळं दिसलं, म्हणजे चेहरा शाबूत. नवा भाग जुन्यापेक्षा जास्तच स्वच्छ होता, म्हणून त्यावर हलका ग्रेन टाकला, आणि सगळं 1920 × 1080 वर आणल्यावर तोही फरक गेला.

फाइल देताना मूळ चौकोनी फोटो सोबत जोडला आणि माहितीच्या रकान्यात लिहिलं : डावा पंजा, घुमटाचा तळ आणि दोन्ही बाजूंची जागा नंतर घातलेली.