दोन्ही सम निघाले, तर बिघडलं काय?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ए-फोर कागद मोठा करून ए-थ्रीवर हवा असेल तर मशीनला १४१ टक्के सांगायचं, हे हाताला इतकं सवयीचं झालंय की तो आकडा आला कुठून हे कधी मनात आलंच नव्हतं. ते कळलं मुलीच्या नववीच्या गणितामुळे.

तिला '√2 ही अपरिमेय संख्या आहे हे सिद्ध करा' हा प्रश्न होता. सिद्धता तिला पाठ होती आणि तिने ती घडाघडा म्हणून दाखवली. समजा √2 परिमेय आहे. म्हणजे √2 = p/q, आणि p व q यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. वर्ग करून p² = 2q². म्हणून p² सम, म्हणून p सम. p = 2r लिहिलं की 4r² = 2q², म्हणजे q² = 2r², म्हणून q पण सम. p आणि q दोन्ही सम, ही विसंगती. म्हणून √2 अपरिमेय.

मग वही मिटता मिटता तिने विचारलं, "बाबा, दोन्ही सम निघाले तर दोनाने भागून टाकायचं ना? ६/४ चे आपण ३/२ करतोच की. बिघडलं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. एक एक पायरी मला मान्य होती आणि तरी शेवटची 'म्हणून' गळी उतरत नव्हती. पुढचे आठ-दहा दिवस गिऱ्हाईक नसलं की मी रद्दी कागदाच्या पाठीवर हेच करत बसायचो.

सुरुवात मी कागदापासूनच केली, कारण तो हातात होता. ए-थ्री मधोमध घडी घातली की ए-फोर होतो आणि दोघांचा आकार तोच राहतो, फक्त लहान-मोठा. लांबी L आणि रुंदी W धरली, तर घडीनंतर लांबी होते W आणि रुंदी होते L/2. आकार तोच राहायचा तर L/W आणि W/(L/2) सारखे हवेत, म्हणजेच L² = 2W². सिद्धतेतलं समीकरण माझ्या टेबलावर रोज पडलेलं होतं! १४१ टक्के म्हणजे √2 चेच पहिले तीन अंक.

ए-फोर २९७ बाय २१० मिलिमीटर असतो. तीनाने भागलं तर ९९/७०. ९९ चा वर्ग ९८०१ आणि ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. एकाने हुकलं. मला वाटलं, जरा मोठे आकडे घेतले तर जमेल. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी, म्हणजे बाजूच्या √2 पटीसाठी, दिलेलं माप आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला की ५७७/४०८ येतं. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. पुन्हा एकाने हुकलं.

कॅल्क्युलेटरवर असं कितीही वेळ बसता येईल, पण 'अजून सापडला नाही' म्हणजे 'नाहीच' असं होत नाही. अपूर्णांक अनंत आहेत, एकेक करून कोण तपासणार? मग उलट बाजूने जायचं: असा अपूर्णांक आहे असंच धरायचं आणि त्याचं पुढे काय काय होतं ते बघत राहायचं. अप्रत्यक्ष सिद्धतेची गरज मला त्या दिवशी पटली.

पण मुलीचा प्रश्न तिथेच होता. म्हणून मी तिच्याच म्हणण्याप्रमाणे केलं. सामाईक विभाजक नसल्याची अट काढून टाकली. p² = 2q² पाळणारे, शून्य नसलेले कुठलेही दोन पूर्णांक घेतले. सिद्धता सांगते की दोन्ही सम. ठीक, दोघांना दोनाने भागलं. आता जे r आणि s उरले, त्यांच्यासाठी काय खरं आहे? p = 2r, q = 2s घातलं तर 4r² = 8s², म्हणजे r² = 2s². तेच समीकरण! म्हणजे r आणि s सुद्धा दोन्ही सम. पुन्हा भागा, पुन्हा तेच.

६/४ चं असं होत नाही. एकदा भागलं की ३/२ येतं, ३ विषम आहे, थांबलो. १०२४ सारखी संख्यासुद्धा दहा वेळा निम्मी केली की १ वर येते. पण आमच्या p आणि q ला थांबायची जागाच नाही, आणि शून्य सोडला तर कुठलाही पूर्णांक अखंड निम्मा होत राहू शकत नाही.

मी तिला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भागायला हरकत नाही, पण भागून संपत नाही."

मग पुस्तकातली अट कशासाठी, हेही उलगडलं. आपण सुरुवातीला दोन गोष्टी धरतो: √2 अपूर्णांक आहे, आणि तो संक्षिप्त रूपात आहे. विसंगती आली की दोघींपैकी एक खोटी. दुसरी खोटी असू शकत नाही, कारण कुठलाही अपूर्णांक संक्षिप्त रूपात आणता येतोच. म्हणून दोष पहिलीवर जातो. हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर मुलीने तो प्रश्न विचारलाच नसता.

एक शंका मात्र राहिली होती. विसंगती मधल्या एखाद्या चुकीच्या पायरीतूनही येऊ शकते की! मग दोष गृहीतकावर कसा टाकायचा? म्हणून हीच सिद्धता मी √4 ला लावून बघितली. ते तर २ आहे, २/१, सरळ परिमेय. p² = 4q², म्हणून p² ला ४ ने भाग जातो, म्हणून p ला ४ ने भाग जातो, आणि पुढे तशीच विसंगती. साफ चुकीचं उत्तर! गडबड त्या दुसऱ्या 'म्हणून'मध्ये आहे. ६ चा वर्ग ३६, त्याला ४ ने भाग जातो, पण ६ ला जात नाही.

म्हणजे √2 च्या सिद्धतेतही सगळा भार 'p² सम, म्हणून p सम' या पायरीवर आहे, आणि ती वेगळी तपासायला हवी. p विषम असता तर p = 2k + 1, त्याचा वर्ग 4k² + 4k + 1, म्हणजे विषमच. वर्ग सम असेल तर p विषम असणं शक्य नाही. ही पायरी पक्की आहे.

मुलीने मग √3 स्वतः केलं. p ला ३ ने भागून बाकी १ उरली तर वर्गाची बाकी १. बाकी २ उरली तर वर्गात ४ येतात, त्यातून ३ गेले, पुन्हा बाकी १. म्हणून p² ला ३ ने भाग जात असेल तर p लाही जातोच. एवढं लिहून झाल्यावरच तिने पुढची ओळ लिहिली.