आमची वाटचाल: चार सेंटर, मग तीन, मग परत चार

आमचं काम लिफ्ट मेंटेनन्सचं. सुरुवातीला एकच ऑफिस होतं, सगळे टेक्निशियन तिथूनच सुटायचे. पण ग्राहक वाढले तसं करारात एक वाक्य शिरलं आणि त्याने पुढचं सगळं ठरवलं: कॉल आल्यापासून ४५ मिनिटांत आमचा माणूस दारात. लिफ्टमध्ये कुणी अडकलेलं असतं तेव्हा "इतर ठिकाणी आम्ही वेळेत पोचतो" हे सांगून काही उपयोग नसतो, म्हणजे सरासरी चांगली असून भागत नाही, प्रत्येक ग्राहक ४५ मिनिटांच्या आत कुणाच्या तरी टप्प्यात हवाच. आणि सेंटर कमीत कमी हवेत, कारण प्रत्येक सेंटर म्हणजे भाडं, पार्ट्सचा स्टॉक आणि शिफ्टमध्ये बसलेला माणूस.

ग्राहकांचे आम्ही दहा भाग पाडले, १ ते १०, आणि जागा मिळण्यासारखी ठिकाणं सहा निघाली: अ, ब, क, ड, ई, फ. मग कुठून कुठे वेळेत पोचता येतं ते बघितलं. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, वेळ नकाशावर पट्टी लावून काढायची नाही आणि सरासरीही घ्यायची नाही, कारण सरासरी ४५ असेल तर बरेचसे कॉल त्याच्यावर जाणारच. आम्ही गर्दीच्या वेळेचा आकडा धरला आणि तोही भागाच्या मध्यापर्यंतचा नाही तर त्या भागातल्या सगळ्यात लांबच्या बिल्डिंगपर्यंतचा. त्यातून हे आलं:

अ: ३, ४, ५, ६, ७
ब: १, २, ३, ४
क: ५, ६, ८
ड: ७, ९, १०
ई: २, ३
फ: ८, ९

माझा भागीदार म्हणाला, "अ घे डोळे मिटून, पाच भाग एकदम कव्हर होतात." कुणीही हेच म्हणेल. ज्या जागेतून सगळ्यात जास्त उरलेले भाग कव्हर होतात ती घ्यायची, मग परत उरलेल्यांसाठी तेच करायचं, याला ग्रीडी पद्धत म्हणतात. तसं करून बघितलं. अ घेतल्यावर १, २, ८, ९, १० उरले. ब, ड आणि फ तिघंही त्यातले दोन-दोन घेतात, म्हणून ब घेतलं, मग ड, आणि शेवटी एकटा ८ उरला त्याच्यासाठी फ. झाली चार सेंटर. बरं, शेवटी फ ऐवजी क घेतलं असतं तर मागे वळून बघताना कळलं असतं की आता अ ची गरजच नाही, त्याचे पाचही भाग बाकीच्यांनी कव्हर केलेत. पण फ घेतल्यावर ५ आणि ६ फक्त अ वर अवलंबून राहतात, त्यामुळे अ काढताच येत नाही.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे जागेकडे न बघता ग्राहकाकडे बघायचं, आणि त्यातही सगळ्यात अडलेल्या ग्राहकाकडे. भाग १ ला कोण पोचतं? फक्त ब. म्हणजे ब घ्यावंच लागणार, चर्चा संपली. भाग १० ला? फक्त ड. तेही ठरलं. या दोघांनी १, २, ३, ४, ७, ९, १० उरकले, राहिले ५, ६, ८ आणि ते तिन्ही एकट्या क मध्ये आहेत. ई चा तर विचारच नको, त्याचे दोन्ही भाग ब मध्ये येतातच (भाडं सारखंच धरलंय, ई अगदी स्वस्तात मिळत असतं तर त्याला असं उडवता आलं नसतं). म्हणजे ब, क, ड, तीन सेंटर. सगळ्यांची लाडकी अ यादीतच नाही!

भागीदाराचा पुढचा प्रश्न बरोबर होता: "दोनात होत नाही कशावरून?" त्यासाठी सगळ्या जोड्या तपासायची गरज नाही. भाग १, ५ आणि १० घ्या. १ ला ब लागतं, १० ला ड लागतं, ५ ला अ किंवा क. या तिघांतल्या कुठल्याही दोघांना एकच जागा चालत नाही, म्हणजे तिघांना तीन वेगळी सेंटर लागणारच. तीन हेच कमीत कमी, विषय संपला. मला स्वतःला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, उत्तर मिळतं आणि याहून चांगलं उत्तर नाही याचा पुरावा एका ओळीत हातात येतो. दरवेळी इतका सरळ पुरावा मिळेलच असं नाही म्हणा.

या प्रश्नाला सेट कव्हरिंग म्हणतात आणि सेवा केंद्रांच्या जागांसाठी तो १९७१ मध्ये टोरेगस, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन यांनी मांडला, तोही इमर्जन्सी सेवांसाठी, म्हणजे आमच्यासारखीच ठरलेल्या वेळेत पोचायची अट. दहा भाग कागदावर होतात, पण भाग वाढले की कागद पुरत नाही, म्हणून हेच दहा भाग आम्ही स्प्रेडशीटवर मांडले. प्रत्येक भागाची एक ओळ, प्रत्येक जागेचा एक कॉलम, पोचता येत असेल तर १ नाहीतर ०, खाली १३ व्या ओळीत कुठल्या जागा घेतल्या ते, आणि प्रत्येक भागासमोर हा फॉर्म्युला:

```
=SUMPRODUCT(B2:G2,$B$13:$G$13)
```

हा आकडा प्रत्येक ओळीत १ किंवा जास्त हवा आणि १३ व्या ओळीची बेरीज कमीत कमी हवी, बाकी स्प्रेडशीटमधलं उत्तर शोधून देणारं साधन, सॉल्व्हर, बघतो. फक्त १३ वी ओळ बायनरी आहे, म्हणजे तिथे ० किंवा १ च येऊ शकतो, हे त्याला सांगायला विसरायचं नाही, नाहीतर कधीकधी तो अर्धं सेंटर इथे, अर्धं तिथे असं उत्तर देतो.

तीन सेंटरवर गाडी सुरू झाली आणि याच आकड्याने पुढची अडचण दाखवली. ब, क, ड घेतल्यावर दहाही ओळींत बरोबर १ येतो, कुठेच २ नाही. म्हणजे प्रत्येक भागाला एकच सेंटर, बॅकअप शून्य. ब चा टेक्निशियन भाग २ मध्ये दोरखंडाच्या कामात अडकलाय आणि तेवढ्यात भाग ४ मधून कॉल आला, की ४५ मिनिटं गेलीच. गणितात सेंटर कायम मोकळं धरलेलं असतं, आमचा सीनियर टेक्निशियन म्हणायचा तसं, "शीटमध्ये मी दिवसभर बसून असतो, बाहेर कुठे बसायला मिळतं?"

काही दिवस आम्ही दुसऱ्या सेंटरमधून माणूस पळवून निभावलं, मग चौथं सेंटर घ्यायचं ठरवलं. या वेळी प्रश्न वेगळा होता: कुठली जागा घेतली तर जास्तीत जास्त ओळींत १ चे २ होतील? फ ने दोन होतात, ई ने दोन, अ ने पाच. म्हणून अ घेतलं. ग्रीडीच्या यादीतही सेंटर चारच होती, पण तिथे दोनदा कव्हर होणारे भाग चार होते, इथे पाच, आणि अ एखाद्या दिवशी बंद राहिलं तरी कुणाचीही ४५ मिनिटं मोडत नाहीत. त्या यादीत अ बंद पडलं असतं तर ५ आणि ६ उघडे पडले असते.

भाग १० चं दुखणं अजून आहे. तिथे मोजके ग्राहक, पण त्यांच्यासाठी ड धरून ठेवावं लागतं. १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल यांनी प्रश्न उलटा करून मांडला, सेंटर किती परवडतात ते आधी ठरवा आणि तेवढ्यात जास्तीत जास्त मागणी कव्हर करा. आम्ही दोन सेंटर धरून बघितलं तर दहातले सातच भाग येतात, आणि सात देणाऱ्या जोड्या एक-दोन नाहीत तर पाच निघाल्या, तेव्हा भाग नाही तर कॉलची संख्या मोजावी लागते. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला "तुम्ही उरलेल्या तिनात" असं कोण सांगणार. म्हणून आता नवा करार करताना आधी त्या पत्त्याची ओळ भरतो, बेरीज ० आली तर ४५ मिनिटांचं वाक्य त्या करारात घालत नाही, ६० लिहितो, आणि ग्राहकाला ते सहीच्या आधीच सांगतो.