सरळ रेषेवर लवचिकता कशी वाचायची?

“मागणीची रेषा सरळ आहे, उतार सगळीकडे तोच. मग प्रत्येक बिंदूला लवचिकता वेगळी कशी येते?”

उतार नगांत मोजतात, लवचिकता टक्क्यांत, आणि टक्का कशाचा हे बिंदूगणिक बदलतं.

मागणी = १०० − (२ × किंमत) अशी रेषा घ्या. किंमत उभ्या अक्षावर. तिथे रेषा ५० ला टेकते, आडव्या अक्षावर १०० ला. किंमत २ ने वाढली की मागणी नेहमी ४ नगांनी घटते. पण किंमत ४० असताना मागणी आहे २०. तिथे २ ची वाढ म्हणजे ५ टक्के, ४ नगांची घट म्हणजे २० टक्के. ऋण चिन्ह सोडलं तर लवचिकता ४. किंमत १० असताना मागणी ८०. तिथे तीच वाढ २० टक्क्यांची होते आणि घट फक्त ५ टक्क्यांची. लवचिकता ०.२५.

आलेखावरून वाचताना एवढा हिशोबही लागत नाही. बिंदूच्या खालचा रेषेचा तुकडा भागिले वरचा तुकडा, बस. पट्टी तिरकी धरायची नसेल तर बिंदूतून उभ्या अक्षावर आडवी रेघ न्या: ४० च्या खाली ४०, वर ५० पर्यंत १०, उत्तर ४. बरोबर मध्यावर, २५ ला, उत्तर १. तिथेच एकूण प्राप्ती सर्वाधिक, २५ × ५० = १२५०. ४० ला आणि १० ला ती ८०० च भरते. विद्यार्थी हमखास उलटा भागाकार करतात, म्हणून ताळा लक्षात ठेवा: मध्याच्या वर उत्तर १ पेक्षा मोठंच यायला हवं.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. ४० वरून ४२ ला गेलं तर लवचिकता ४, आणि ४२ वरून ४० ला परतलं तर ५.२५. यात चूक कुठेच नाही. सरळ रेषेवर टक्केवारीची पद्धत नेहमी सुरुवातीच्या बिंदूची लवचिकता देते, आणि ४२ ला ती ४२ ÷ ८, म्हणजे ५.२५ च आहे. दोन्हींची सरासरी किंमत आणि सरासरी मागणी पायाला धरली, तर ४१ ची मिळते: ४१ ÷ ९, सुमारे ४.५६. म्हणून उत्तर लिहिताना ते कोणत्या बिंदूचं, हेही लिहावं.

रेषा चपटी दिसली की ‘मागणी लवचिक’ म्हणून मोकळं होणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. मागणी = २०० − (४ × किंमत) ही रेषा त्याच अक्षांवर पहिलीपेक्षा चपटी दिसते. पण तीही उभ्या अक्षाला ५० लाच टेकते, त्यामुळे किंमत ४० ला तिचीही लवचिकता ४, आणि १० ला ०.२५ च.