मुळ्याचा पराठा न फाटता लाटताना

सारणाच्या पराठ्यांमध्ये बटाट्याचा पराठा सर्वांत सोपा आणि मुळ्याचा सर्वांत अवघड, असे माझे मत आहे. बटाटा उकडून पूर्ण गार होऊ दिला आणि गुठळी न ठेवता किसून घेतला, की त्याचे सारण स्वतःच एकसंध राहते. मुळ्यात मात्र जवळजवळ 95 टक्के पाणीच असते आणि किसल्यावर ते बाहेर येऊ लागते. पुरणपोळी मला बऱ्यापैकी जमत असल्यामुळे पराठाही तसाच करावा, असे मला वाटत होते. पण पुरण शिजलेले, वाटलेले आणि चिकट असते, म्हणून अगदी सैल कणीकही त्याला धरून सरकते. मुळ्याचा कीस ओलसर आणि रेषाळ असतो आणि तितक्या सैल पारीतून तो सहज वर येतो. त्यामुळे सारणाचे पाणी, कणकेचा मऊपणा आणि लाटण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी मी मुळ्यासाठी नव्याने बसवल्या.

अर्धा किलो मुळ्याचे साधारण सहा पराठे होतात. मुळे कोवळे घ्यावेत, कारण जून मुळ्याच्या रेषा पिळूनही मऊ पडत नाहीत आणि लाटताना पारीला भोके पाडतात. मुळे बारीक किसणीवर किसून त्याला एक चहाचा चमचा मीठ चोळावे आणि कीस पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावा. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे नुसत्या पिळण्याने जे पाणी सुटले नसते, तेही आता सुटते. मग कीस मूठमूठ घेऊन पिळावा, किंवा सरळ पातळ पंच्यात बांधून घट्ट मुरगाळावा. पंच्यात तो हातापेक्षा निश्चित अधिक कोरडा होतो. निघालेले पाणी टाकू नये. त्यातच कणीक भिजवावी. हे पाणी खारट असल्यामुळे कणकेत आणि सारणात पुन्हा मीठ घालायचे नाही, आणि हा नियम पराठ्याच्या चवीइतकाच त्याच्या टिकण्यासाठी आवश्यक आहे. सारणात वरून मीठ घातले, की पिळलेला कीस पुन्हा पाझरू लागतो आणि भरून ठेवलेल्या उंड्याची पारी आतून ओली होते.

पिळलेल्या किसात बारीक चिरलेली हिरवी मिरची, किसलेले आले, हातावर चोळलेला ओवा, थोडे धणे-जिरे पूड आणि कोथिंबिरीची फक्त पाने घालावीत; काड्या आणि मिरचीचे जाड तुकडे वगळावेत. शेवटी दोन चहाचे चमचे भाजलेले बेसन किंवा डाळ्याचे पीठ मिसळावे, म्हणजे उरलेला ओलावा त्यात मुरतो. बेसन याहून फार वाढवले, तर सारण भुगाभुगा होते आणि लाटताना पारीबरोबर पसरत नाही, म्हणून पिळण्याची कसर बेसनाने भरून काढता येत नाही. सारण तयार आहे का, हे पाहण्यासाठी मी त्याचा लिंबाएवढा गोळा करून कोऱ्या कागदावर मिनिटभर ठेवते. गोळा सुटत नसेल आणि खाली ओला डाग अगदी पुसट असेल, तर सारण भरायला घ्यावे. कागद भिजून आरपार दिसू लागला, तर कीस पुन्हा पिळावा. सारणाचे लगेच सहा गोळे करावेत आणि मसाला कालवल्यावर फार वेळ थांबू नये.

कणकेसाठी दोन वाट्या, म्हणजे सुमारे 250 ग्रॅम, बारीक दळलेले गव्हाचे पीठ मी बारीक चाळणीने चाळून घेते, कारण कोंड्याचे जाड कण ताणलेल्या पारीला जागोजागी चिरतात. एवढ्या पिठाला साधारण 165 ते 175 मिलिलिटर पाणी लागते. मुळ्याचे पाणी कमी पडले, तर साधे पाणी मिसळावे. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा मऊ, पण पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट असावी. ती आठ-दहा मिनिटे चांगली तिंबून, एक चमचा तेल लावून, ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास ठेवावी. या अर्ध्या तासात पिठाचा कण पाणी पिऊन मऊ होतो आणि तिंबल्याने ताठ झालेली कणीक सैलावते. बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून आला, तर ती झाली आहे. झटकन उसळून वर आला, तर ती अजून ताठ आहे आणि लाटताना मागे खेचली जाईल. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कसोटी वेगळीच आहे. एका हातात कणकेचा आणि दुसऱ्या हातात सारणाचा गोळा घेऊन दोन्ही हलके दाबावेत. दोन्ही सारख्याच जोराने दबले पाहिजेत. कणीक घट्ट आणि सारण मऊ असेल, तर सारण आधी पळते आणि कडेला फुटते. सारण घट्ट असेल, तर ते मधोमध गुठळी होऊन राहते आणि त्याच्यावरची पारी झिजते.

कणकेचे सहा गोळे करून प्रत्येकाची पारी करताना मध्यभाग जाड आणि कडा पातळ ठेवाव्यात. सारण ठेवून कडांच्या चुण्या वर गोळा कराव्यात, आतली हवा दाबून काढावी आणि तोंडाशी जमलेली जास्तीची कणीक चिमटून तोडून टाकावी. ती तशीच ठेवली, तर एका बाजूला कणकेचा जाड गठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला पातळ पडदा, असा पराठा होतो. भरलेले उंडे तीन-चार मिनिटे ठेवून मग जोड खालच्या बाजूस ठेवून लाटायला घ्यावेत, म्हणजे लाटण्याचा पहिला दाब जाड बाजूवर पडतो आणि पातळ बाजूला पोळपाटाचा आधार मिळतो.

लाटण्याआधी उंडा बोटांच्या पेरांनी मधून कडेकडे दाबत तळहाताएवढा करावा. निम्मे काम इथेच होते, कारण सारण कडेपर्यंत बोटांनी पोहोचवता येते, लाटण्याने ते फक्त ढकलले जाते. खाली गव्हाच्या पिठाऐवजी तांदळाची पिठी वापरली, तर पराठा पोळपाटावर सरकत राहतो आणि चिकटत नाही. लाटणे मधोमध दाबून पुढे रेटू नये. कडेच्या अलीकडे हलक्या हाताने, पराठा फिरवत लाटावे आणि एकदाच उलटावे. सुमारे सात इंचांवर थांबावे. मुळ्याचा पराठा याहून पातळ करण्याचा हट्ट मी धरत नाही.

लाटताना छोटे छिद्र दिसले, तर त्यावर चिमूटभर पिठी दाबून ती बाजू तव्यावर आधी टाकावी. ओल्या कणकेचे ठिगळ तिथे टिकत नाही. तवा चांगला तापलेला असावा, आणि दोन्ही बाजूंना फिकट डाग पडेपर्यंत तेल किंवा तूप सोडू नये. पराठा पोळपाटावर शाबूत राहून तव्यावरच फाटत असेल, तर सारणाचा ओलावा किंवा आत राहिलेली हवा वाफ होऊन पारी फोडते आहे, असे समजावे. तेव्हा कणकेत बदल न करता उरलेले सारण पुन्हा पिळावे आणि पुढचा उंडा बंद करताना हवा नीट काढावी.