पाव मोजून गल्ला जुळवायला शिकले

सांगलीत विश्रामबागला मी संध्याकाळी वडापावची गाडी लावते. नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात मेनूवर पाच पदार्थ होते: वडापाव, भजी, समोसे, मिसळ आणि पावभाजी. मिसळीचा कट रोज उरायचा, तो शेजारीपाजारी वाटून टाकायचे. शिवाय पावभाजीसाठी तवा, मिसळीसाठी वाट्या, धुवायला जास्त पाणी. तिसऱ्या आठवड्यात फक्त वडापाव आणि कांदाभजी ठेवली. दोन्हींना तीच कढई, तेच बेसन. त्यामुळे हात एकाच कामावर बसला आणि गिऱ्हाईक ताटकळेना.

जागा ठरवायला तीन संध्याकाळी पाच ते आठ नुसती उभी राहून माणसं मोजली. एका चौकात गर्दी खूप, पण सगळे गाडीवरच पुढे निघून जायचे. क्लासेसच्या गल्लीत माणसं कमी होती, पण साडेसहाला वर्ग सुटला की पोरं पायी बाहेर पडून तिथेच घोळका करायची. मी ती गल्ली धरली.

परवानगीत मात्र माझा घोळ झाला. अन्न नोंदणी ऑनलाइन केली. फोटो आणि ओळखपत्र लागलं. चौदा आकडी नंबर मिळाला आणि मला वाटलं, झालं काम. पण तो नंबर अन्न विकण्यासाठी असतो. रस्त्यावर उभं राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. त्यासाठी 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र लागतं आणि ते सहसा पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणातून मिळतं. नव्या माणसाचं नाव त्या यादीत नसतं. तोवर काय करायचं? गल्लीतली पिठाची गिरणी पाचला बंद होते. गिरणीवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "कंपाउंडच्या आत लाव पोरी, फुटपाथवर पाय ठेवू नकोस." त्यांचं संमतीपत्र लिहून घेतलं आणि नोंदणीच्या कागदाबरोबर लॅमिनेट करून गाडीवर टांगलं. गॅसही निळा, एकोणीस किलोचा व्यावसायिक घेतला. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही.

खरी शिकवण मिळाली ती वहीतून. सुरुवातीला रात्री गल्ल्यात जेवढे पैसे असतील तीच कमाई समजायचे. त्यात घरून नेलेले सुट्टेही असायचे, आणि पाववाल्याला त्यातूनच दिलेले पैसे विसरायचे. आता निघताना सुट्टे मोजून लिहिते, आणि पाव व भजीच्या कागदी प्लेट्सही मोजून नेते. वडा जळाला किंवा फुटला तर पाव उरतो, त्यामुळे पाव हाच विक्रीचा पक्का आकडा.

एका मंगळवारचा हिशोब सांगते. 90 पाव नेले, 8 उरले, म्हणजे 82 वडापाव. पंधराच्या दराने 1,230 रुपये. प्लेट्स 50 नेल्या, 9 उरल्या, म्हणजे 41 भजी. पंचवीसच्या दराने 1,025. एकूण 2,255 यायला हवे होते. रात्री गल्ल्यात 1,390 निघाले. त्यातून घरून नेलेले सुट्टे 400 वजा केले, गल्ल्यातून पाववाल्याला दिलेले 270 मिळवले, 1,260 झाले. ऑनलाइन आलेले 925. एकूण 2,185. म्हणजे सत्तर रुपये कमी!

दोन वडापाव माझ्याच मुलांनी खाल्ले होते, तीस रुपये. उरले चाळीस, म्हणजे नेमका एक वडापाव आणि एक भजी. फोनमधली जमा यादी काढली, तर चाळीसची एकही नोंद नव्हती. साडेसहाच्या गर्दीत कुणीतरी स्क्रीन दाखवली होती आणि मी मान डोलावली होती. त्या दिवसापासून पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी प्लेट सोडत नाही. मुलांचं खाणंही वहीत 'घरी' म्हणून लिहिते.

खर्चाची बाजू त्याच रात्री मांडली. बटाटे 165, कांदे 90, बेसन 300, तेल 280, पाव 270, मिरची-लसूण-कोथिंबीर-मसाला 120, कागद-प्लेट्स 50, गाडीचं भाडं 50. इथवर 1,325 होतात आणि 860 सुटल्यासारखे वाटतात. पण त्यात गॅस नाही. सिलिंडर एकदम घरच्या पैशातून आणलेला असतो, म्हणून तो रोजच्या वहीत दिसतच नाही. आता सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख लिहिते, संपला की किमतीला दिवसांनी भागते. माझा हिशोब रोजचे दोनशे निघाला. म्हणजे हातात 660.

हे कळल्यावर पहिला बदल आचेत केला. पूर्वी गिऱ्हाईक नसतानाही कढई मोठ्या आचेवर धगधगत असायची. तेल काळं पडायचं, तळाशी बेसनाचा चुरा करपायचा आणि पुढच्या घाण्याला कडवट वास यायचा. आता घाण्यांच्या मधल्या वेळेत आच मंद करते आणि दर दोन घाण्यांनी झाऱ्याने चुरा काढते. पुढचा सिलिंडर दोन दिवस जास्त चालला.