केल्पची पावडर आणि थायरॉइड: तुम्ही विचारलंत म्हणून

"थायरॉइडला आयोडीन लागतंच ना? मग समुद्री शेवाळाची नैसर्गिक पावडर घेऊन थायरॉइड बिघडेल कसा?"

आधी हिशेब करू. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्प आणि कोंबू ही तपकिरी शेवाळं समुद्राच्या पाण्यातलं आयोडीन ओढून स्वतःत साठवतात, आणि सुक्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन सहज असू शकतं. म्हणजे ग्रॅमभर पावडरीत तेरा दिवसांचा साठा. शिवाय त्याचं प्रमाण शेवाळाची जात, समुद्र आणि कापणीचा हंगाम यांप्रमाणे इतकं बदलतं, की डबीवरच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही.

तरीही निरोगी माणसाला एवढ्यानं सहसा काही होत नाही, आणि गंमत इथेच आहे. थायरॉइडच्या पेशींवर आयोडीन आत ओढणारे पंप असतात. आत आलेलं आयोडीन प्रथिनाला जोडलं जातं आणि त्यातून संप्रेरक तयार होतं. आत आयोडीन फार झालं, की ग्रंथी हे जोडकामच थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ यांनी 1948 साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव पडलं. दोनेक दिवसांत ग्रंथी पंपांची संख्या कमी करते, आतलं आयोडीन उतरतं आणि रक्तात ते अजून भरपूर असलं तरी काम पुन्हा सुरू होतं. म्हणजे ब्रेक लागतो आणि सुटतोही.

काहींचा तो सुटतच नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, टीएसएच, साडेपाच, म्हणजे किंचितच वर. थायरॉइडविरोधी अँटिबॉडीज मात्र वाढलेल्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो हाशिमोटोचा आजार आतल्या आत चालू होता. औषधाची गरज अजून नव्हती. थकवा जावा आणि वजन उतरावं म्हणून त्यांनी केल्पची पावडर सुरू केली, रोज अर्धा चमचा. तो साधारण एक ग्रॅम धरला, तर आयोडीन गरजेच्या तेरापट झालं. तीन महिन्यांनी टीएसएच तिशीच्या पुढे, थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक फ्री टी-फोर खाली आणि थकवा दुप्पट.

घडलं असं, की हाशिमोटोमध्ये सूज आलेल्या ग्रंथीला पंप कमी करणं नीट जमत नाही. आत आयोडीन तुंबलेलं राहतं आणि जोडकाम बंद ते बंदच. संप्रेरक घटलं, की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. टीएसएचचं एक काम म्हणजे थायरॉइडचे पंप वाढवणं. म्हणजे ज्या पेशीला आयोडीन नको झालंय, तिच्यात ते आणखी ओढलं जातं. त्यात थकवा, बद्धकोष्ठता, वाढतं वजन ही कमी थायरॉइडची लक्षणं, म्हणजे ज्यासाठी पावडर घेतली तीच. बाईंना वाटलं, मात्रा कमी पडतेय! त्या पाऊण चमच्यावर जाणारच होत्या.

पावडर थांबवली. सहा आठवड्यांनी टीएसएच नऊवर आला, पुढे सहाच्या आसपास स्थिरावला. सगळ्यांचं असं होतंच असं नाही, काहींना थायरॉइडची गोळी लागते. आणि गोळी आधीच चालू असेल, तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. लघवीतलं आयोडीन तपासता येतं, पण ते दिवसागणिक खालीवर होतं. अशा वेळी "रोज काय काय घेता?" या प्रश्नाला "औषध काहीच नाही" असं उत्तर येतं, कारण पावडरीला कुणी औषध मानत नाही. म्हणून मी डबी घेऊन यायला सांगते.

उलटी बाजूही आहे. ग्रंथीत जुन्या गाठी असतील आणि त्यातली एखादी टीएसएचचं न ऐकता आपल्याच मर्जीनं संप्रेरक बनवत असेल, तर तिला हे आयोडीन म्हणजे आयता कच्चा माल. मग छातीत धडधड, हात थरथरणं, वजन घटणं. वयस्कर माणसाच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. गरोदरपणी तर केल्प नकोच. पोटातल्या बाळाच्या ग्रंथीला हा ब्रेक सोडवणं अजून जमत नसतं.

"मग सगळीच शेवाळं बंद का?" असंही विचारतात. नाही. भाताच्या गुंडाळीभोवतीची नोरी लाल शेवाळापासून होते आणि तिच्यात ग्रॅमला साधारण पंधरा ते चाळीस मायक्रोग्रॅमच आयोडीन असतं, अधूनमधून खाल्लीत तर चिंता नको. कोंबूचा रस्सा मात्र वेगळा. उकळताना त्यातलं बहुतेक आयोडीन पाण्यात उतरतं, त्यामुळे पट्टी काढून टाकली म्हणून ते टळत नाही.